धसका: आप्ताचा अपघात पाहणाऱ्याचा स्वतंत्र दावा

मराठवाड्यात ‘धसका घेतला’ असे म्हटले की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. डोळ्यांसमोर मुलाला ट्रकने उडवलेली आई, नवऱ्याची दुचाकी बसखाली जाताना पाहिलेली बायको यांच्या अंगावर ओरखडाही नसतो. पण पुढे महिनोन् महिने झोप लागत नाही, हॉर्न ऐकला की अंग थरथरते, रस्ता ओलांडण्याचा धीर होत नाही. इंग्रजी कायद्यात या हानीला ‘नर्व्हस शॉक’ हे जुने नाव आहे. डॉक्टर आता ते वापरत नाहीत, न्यायालयांत मात्र ते टिकून आहे. ज्याला प्रत्यक्ष मार लागला त्याची भरपाई सर्वांना ठाऊक असते. पाहणाऱ्याचीही स्वतंत्र भरपाई असू शकते, हे नांदेड-लातूरकडे दावा दाखल करणाऱ्या कुटुंबांना बहुधा कोणी सांगत नाही. दाव्याच्या कागदात आईचे नाव येते ते जखमी मुलाची पालक म्हणून किंवा साक्षीदार म्हणून.

दुःख आणि आजार

येथे एक भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. शोक, काळजी, हळहळ यांना कायदा भरपाई देत नाही. वैद्यकीय निदान होऊ शकेल असा मानसिक आजार झाला असेल तरच दावा उभा राहतो. आघातोत्तर तणावविकार, तीव्र नैराश्य, भयविकार ही अशी निदाने होत. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्या जागेकडे किंवा वाहनाकडे जाणे टाळणे, सतत दचकणे, झोप मोडणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी घरचे वा कामाचे व्यवहार अडवले, तर डॉक्टर आघातोत्तर तणावविकाराचा विचार करतात. पहिल्या आठ-पंधरा दिवसांतले रडणे आणि न जेवणे हा आजार नव्हे.

दुसरा भेद मृत्यूच्या दाव्यातील ‘कन्सॉर्शियम’ या रकमेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात (२०१७) ही रक्कम ४० हजार रुपये ठरवली आणि दर तीन वर्षांनी तीत १० टक्के वाढ सांगितली. २०१८ च्या मॅग्मा निकालाने ती आईवडील व मुलांनाही लागू झाली. ही रक्कम सहवास गमावल्याची आहे. ती अपघात पाहिलेल्या आईला मिळते, तशीच त्या दिवशी पुण्यात असलेल्या वडिलांनाही मिळते. आजाराचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून ‘एकदा दिले, पुन्हा कशाला’ हा विमा कंपनीचा आक्षेप टिकण्यासारखा नाही. मात्र त्याला उत्तर देण्याची तयारी वकिलाने आधीच ठेवावी लागते.

१९९३ ची किल्लारी या संदर्भात आठवणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो लोकांनी आपली माणसे ढिगाऱ्याखाली जाताना पाहिली आणि त्यांतील कित्येकांना मानसिक विकार जडल्याच्या नोंदी मानसोपचारतज्ज्ञांनी केल्या. पण भूकंपाला प्रतिवादी नसतो. तेथे मिळाली ती शासकीय मदत होती. दाव्यासाठी कोणाचा तरी निष्काळजीपणा लागतो.

विलायतेतील वाट

या विषयातील बहुतेक तत्त्वे इंग्लंडमधून आली. ती आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसली तरी युक्तिवादात त्यांचाच आधार घेतला जातो. १८८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, जी तेव्हा हिंदुस्थानचीही अंतिम अपील-पीठ होती, ऑस्ट्रेलियातील एका रेल्वे फाटकाच्या प्रकरणात नुसत्या भीतीने झालेल्या आजाराची भरपाई नाकारली. पुढे १९०१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ते मत बाजूला ठेवून घोडागाडी अंगावर येण्याच्या भीतीने आजारी पडलेल्या गर्भवती स्त्रीचा हक्क मान्य केला. तेथपर्यंत प्रश्न स्वतःच्या जिवाच्या भीतीचा होता.

दुसऱ्याचे पाहून झालेल्या आजाराबाबत निर्णायक ठरले ते मॅक्लॉघलिन प्रकरण. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी इंग्लंडमध्ये एका कुटुंबाच्या मोटारीला अपघात झाला. आई दोन मैलांवर घरी होती. तासाभराने शेजाऱ्याने तिला रुग्णालयात नेले. तेथे तेल आणि चिखलाने माखलेले, अद्याप धुतले-पुसलेले नसलेले पती व मुले तिने पाहिली आणि धाकटी मुलगी गेल्याचे तिला कळले. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८२ मध्ये तिला दाद दिली. अपघात तिने पाहिला नव्हता. पण त्याचा ‘लगेचचा परिणाम’ पाहिला होता, हे पुरेसे मानले गेले.

नंतर मात्र हात आखडला गेला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत माणसे गेली, तेव्हा कित्येकांनी ती घटना दूरचित्रवाणीवर पाहिली. १९९१ च्या अल्कॉक निकालात सर्वोच्च पीठाने तीन अटी घातल्या: जखमी वा मृताशी प्रेमाचे निकट नाते, अपघाताशी वा त्याच्या लगेचच्या परिणामाशी स्थळ-काळाची जवळीक, आणि प्रत्यक्ष स्वतःच्या डोळ्यांनी-कानांनी घेतलेला अनुभव. लॉर्ड्सपुढे गेलेले सर्व अर्जदार हरले. त्यांपैकी एक जण त्या दिवशी मैदानात हजर होता आणि त्याचे दोन भाऊ गेले होते. तरी भावांशी जिव्हाळ्याचे नाते होते याचा पुरावाच त्याने दिला नाही, म्हणून त्याला काही मिळाले नाही. आपल्याकडे हे वाचून कोणीही चकित होईल. पण ‘सख्खा भाऊ म्हणजे आलेच’ असे गृहीत धरणाऱ्या वकिलाने हा निकाल लक्षात ठेवावा.

भारतातील सर्वांत जवळचे उदाहरण

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा निकाल रस्त्यावरचा नाही, रुग्णालयातला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वर झालेल्या एका लहान मुलाला स्प्रिंग मेडोज रुग्णालयात दाखल केले होते. परिचारिकेने त्याच्या शिरेत इंजेक्शन दिले आणि मूल आईच्या मांडीवरच कोसळले. ते जगले, पण मेंदूला कायमची इजा होऊन. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या तीव्र मानसिक क्लेशाबद्दल वेगळे पाच लाख रुपये दिले. मुलाला भरपाई मिळाली असताना पालकांना पुन्हा कशी, असा आक्षेप घेतला गेला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: सेवा घेणारे पालक हेही ग्राहक, आणि त्यांचे नुकसान त्यांचे स्वतःचे.

गंमत अशी की याच स्वरूपाच्या घटनेत आजच्या इंग्लंडमध्ये पालकांना कदाचित काहीच मिळणार नाही. जानेवारी २०२४ च्या पॉल निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या चुकीमुळे आप्ताचा मृत्यू पाहिलेल्यांना ही वाट जवळजवळ बंद केली. बाहेरून घडलेला अपघात असला तरच ती खुली. त्याच निकालाने एक अडचण कमीही केली. आजार ‘एकाएकी बसलेल्या धक्क्याने’च जडला, हे आता तेथे सिद्ध करावे लागत नाही.

स्प्रिंग मेडोजची वाट ग्राहक कायद्याची होती. ट्रकमालक आणि रस्त्याकडेला उभी असलेली बाई यांच्यात ग्राहकाचे नाते नसते. तिला मोटार वाहन कायद्याकडेच यावे लागते.

माळेगावच्या रस्त्यावर: एक कल्पित प्रकरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. रस्ता आणि कायदा खरा आहे. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातले एक कुटुंब लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आले. परतताना आई आणि १६ वर्षांचा मुलगा नांदेड-लातूर महामार्गाच्या कडेला गाडीची वाट पाहत होते. मुलगा पाण्याची बाटली आणायला पाच-सात पावले पुढे गेला आणि भरधाव ट्रकने त्याला धडक दिली. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वडील गावी होते. ते तीन तासांनी नांदेडच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा मुलगा रक्ताळलेल्या कपड्यांतच होता. आजीला बातमी फोनवर कळली. पुण्यातील बहिणीने कोणीतरी काढलेली चित्रफीत मोबाइलवर पाहिली. चौघेही कोलमडले, असे धरू.

अल्कॉकच्या अटी लावल्या तर आईचा दावा भक्कम आहे. वडिलांचा दावा मॅक्लॉघलिनच्या आधारे मांडता येईल. तेथे दोन तास, येथे तीन, यावर वाद होईल. पण मुलाला अद्याप धुतले-पुसले नव्हते हा तपशील महत्त्वाचा, आणि तो वडिलांच्या पहिल्याच जबाबात यायला हवा. आजीला नुसत्या बातमीवर काही मिळणे अवघड. बहिणीचे प्रकरण सर्वांत कठीण; हिल्सबरोच्या प्रेक्षकांना दूरचित्रवाणीवर पाहून मिळाले नाही, तर मोबाइलवर पाहणाऱ्याला मिळेल असे सांगण्याचे धाडस करू नये.

ट्रक आईच्याही अंगावर येता येता राहिला असता, तर ती केवळ पाहणारी न राहता स्वतः धोक्यात सापडलेली ठरली असती आणि नात्याच्या अटी लागल्याच नसत्या. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला, सात महिला मृत्युमुखी पडल्या आणि तिघांना बाहेर काढण्यात आले. अशा घटनेत वाचलेली व्यक्ती या पहिल्या वर्गात येते आणि काठावर धावत आलेले नातलग दुसऱ्या. विम्याचे गणित मात्र उलटे असू शकते. ट्रॅक्टरवर बसलेल्या मजुरांची जबाबदारी विमा कंपनी सहसा नाकारते. काठावरचा वा रस्त्यावरचा माणूस मात्र ‘त्रयस्थ’ असतो आणि त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. माळेगावच्या रस्त्यावरची आई अशीच त्रयस्थ.

‘शारीरिक इजा’ या शब्दांची अडचण

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ नुसार न्यायाधिकरणापुढे मृत्यू, ‘शारीरिक इजा’ किंवा मालमत्तेचे नुकसान यांचे दावे चालतात, आणि कलम १६६ नुसार ‘जिला इजा झाली ती व्यक्ती’ अर्ज करू शकते. विमा कंपनीचा पहिला आक्षेप येथेच येतो: बाईला शारीरिक इजा झालीच नाही. कायद्याने या शब्दांची व्याख्या केलेली नाही. उत्तर असे दिले जाते की मेंदू व मज्जासंस्था हे शरीरच आहे, आजाराचे निदान वैद्यकीय आहे, आणि कलम १६८ ‘न्याय्य’ भरपाईची आज्ञा देते. हा युक्तिवाद सबळ आहे, पण निकाल हमखास आहे असे म्हणता येणार नाही. म्हणून अर्जात ‘मानसिक त्रास झाला’ एवढेच न लिहिता निदानाचे नाव, उपचाराची तारीख आणि झोप, भूक, काम यांवरील परिणाम मांडावेत.

निष्काळजीपणा सिद्ध न करता मिळणारी कलम १६४ ची रक्कम, म्हणजे मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, या आईच्या कामी येण्याचा संभव कमी. ‘गंभीर दुखापत’ फौजदारी कायद्याच्या ठरावीक प्रकारांनुसार पाहिली जाते आणि त्यांत मानसिक आजार सहज बसत नाही. तिने कलम १६६ चाच मार्ग धरावा.

सहा महिने

सर्वांत मोठा धोका मुदतीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या तरतुदीपुरती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन परत आणले. मनोविकारशास्त्राच्या अमेरिकी वर्गीकरणात आघातोत्तर तणावविकाराचा ‘उशिरा प्रकट होणारा’ प्रकार आहे. त्यात पूर्ण निदानाचे निकष प्रसंगानंतर किमान सहा महिन्यांनी भरतात. म्हणजे या प्रकारच्या रुग्णाला निदान मिळते तेव्हा दाव्याची मुदत संपलेली असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ या मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले. हा दिलासा अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक खाचखळगा नव्या पद्धतीचा आहे. आता पोलिसांना ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा लागतो, आणि हा अहवालच दाव्याचा अर्ज मानला जाऊ शकतो. त्यामुळे मुलाच्या दाव्याची कुटुंबाला फारशी चिंता उरत नाही. पण त्या अहवालात जखमी म्हणून मुलाचेच नाव असते. आई साक्षीदारांच्या यादीत. तिचा दावा आपोआप उभा राहत नाही. तिने स्वतंत्र अर्ज करावा, किंवा मुलाच्या अर्जात स्वतःच्या इजेसाठी दुसरी अर्जदार म्हणून यावे आणि आपली मागणी वेगळी मांडावी. अपघात लोह्याकडे झाला तरी अर्ज नांदेड जिल्ह्यातच करावा लागत नाही. अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढेही तो करता येतो, म्हणजे या कुटुंबाला लातूर जिल्ह्यात दाद मागता येईल. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पुरावा कोठे मोडतो

असे दावे कायद्यापेक्षा कागदांवर अधिक मोडतात. अपघातानंतर सारे घर मुलाच्या पायाभोवती फिरत असते. आईला झोप नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आले तर गावातल्या जाणत्याकडून भीती झाडून घेतली जाते, अंगारा लावला जातो. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर ‘वेडाचा शिक्का’ बसेल ही धास्तीही असते. सात-आठ महिन्यांनी वकील विचारतो तेव्हा केसपेपर नसतो, आणि उलटतपासणीत प्रश्न येतो: एवढा त्रास होता तर डॉक्टरकडे का गेला नाहीत?

म्हणून गावातल्या साध्या डॉक्टरने लिहिलेली ‘झोप येत नाही, छाती धडधडते’ ही ओळसुद्धा मोलाची असते. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात नोंद झाली, तर तारीख पक्की होते. अपघाताचा प्रसंग आणि आई तो पाहत होती ही बाब डॉक्टरने इतिहासात लिहिली आहे की नाही, हे घरच्यांनी त्याच दिवशी पाहावे. पंचनाम्यात व पोलिसांच्या जबाबात आई किती अंतरावर उभी होती ते यावे. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. डॉक्टरची साक्ष व्हावी लागते, आणि राजकुमार प्रकरणातील (२०१०) सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वैद्यकीय टक्केवारीहून कमाईवर प्रत्यक्ष किती परिणाम झाला हे पाहिले जाते.

विमा कंपनी आणखी दोन गोष्टी विचारते. आधीपासून काही आजार होता का? असला तरी तो लपवू नये. नाजूक प्रकृतीच्या माणसाला हानी झाली तर ‘धडधाकट माणसाला इतके झाले नसते’ हा बचाव सहसा चालत नाही. लपवलेला जुना केसपेपर मात्र सारी साक्ष बुडवतो. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: हे नैराश्य अपघात पाहिल्याचे, की अपंग मुलाची वर्षभर शुश्रूषा, कर्ज आणि बुडालेली शाळा यांचे? दुसऱ्या कारणाचा भार आईच्या दाव्यात धरला जाईलच असे नाही. शुश्रूषेचा मोबदला मुलाच्या दाव्यात ‘परिचारक खर्च’ म्हणून मागायचा असतो. स्वप्नात ट्रक येतो, रस्ता टाळला जातो, ब्रेकच्या आवाजाने दातखिळी बसते, अशी अपघाताशी थेट जुळणारी लक्षणे नोंदलेली असतील तर दोन्ही वेगळे करता येतात.

रक्कम

आपल्या उदाहरणातील आई ३८ वर्षांची, शिवणकाम करून महिना ९,००० रुपये मिळवणारी असे धरू. आठ महिने मशीनवर बसता आले नाही: ७२,००० रुपये. औषधे, प्रवास, सोबतीचा खर्च २८,०००. वेदना व क्लेशांसाठी न्यायाधिकरणाने ५०,००० धरले तर एकूण दीड लाख. उपचारांनी ती सावरली, आणि या आजारात बरेच जण सावरतात, तर मागणी येथेच थांबावी. फुगवलेली मागणी साक्षीला मारक ठरते.

आजार टिकला आणि कमाईची १० टक्के क्षमता कायमची गेली असे डॉक्टरच्या साक्षीने ठरले, तर हिशेब बदलतो. स्वयंरोजगारातील ४० वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवले की महिना १२,६०० व वर्षाला १,५१,२०० रुपये होतात. ३६ ते ४० वयासाठी सरला वर्मा निकालातील गुणक १५ आहे. गुणाकार २२,६८,००० आणि त्याचे १० टक्के म्हणजे २,२६,८०० रुपये. ही रक्कम वरच्या दीड लाखात मिळते.

न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे अपील करता येते. मात्र वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपीलच नाही; २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. पाहणाऱ्याचे दावे बहुधा याच लाखाच्या आसपासचे असतात. आईचा आठ महिन्यांचा हिशेब ९० हजारांचा मांडला गेला आणि न्यायाधिकरणाने ‘शारीरिक इजा नाही’ म्हणून तो फेटाळला, तर अपिलाचे दार तिच्यासाठी तेथेच बंद होते.